परदेशी पक्षकाराशी करार करताना लवाद-कलम कसे लिहावे : सीट, नियम, लवादांची संख्या आणि मुंबईत निवाड्याची अंमलबजावणी

मुंबईतल्या मध्यम आकाराच्या कंपन्यांचे परदेशी पुरवठादारांशी झालेले करार तपासताना एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. किंमत, हप्ते आणि वॉरंटी यांवर आठवडेच्या आठवडे घासाघीस झालेली असते, पण लवाद-कलम जुन्या एखाद्या करारातून जसेच्या तसे उचललेले असते. त्याचे परिणाम वाद उद्भवल्यावरच कळतात, आणि तोवर दुरुस्तीसाठी दुसऱ्या पक्षाची संमती मिळण्याची शक्यता उरलेली नसते. हा लेख एकाच परिस्थितीपुरता आहे : एक पक्ष मुंबईचा, दुसरा परदेशी, सीट म्हणजे लवादाचे कायदेशीर ठिकाण भारताबाहेर आणि निवाड्याची वसुली मुंबईत.

पुढील सर्व टप्प्यांसाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. भांडुपची एक औषधनिर्मिती कंपनी जर्मन उत्पादकाकडून गोळ्यांच्या पट्ट्या भरणारे यंत्र १२ लाख युरोला घेते. ३० टक्के रक्कम आगाऊ, ५० टक्के माल जहाजावर चढल्यावर आणि उरलेली २० टक्के, म्हणजे २ लाख ४० हजार युरो, यंत्र चालू होऊन चाचणीत उतरल्यावर द्यायची आहे. करारात मिनिटाला ३०० पट्ट्यांचा वेग लिहिलेला आहे. यंत्र २२० च्या पुढे जात नाही, म्हणून कंपनी शेवटचा हप्ता रोखते. उत्पादकाच्या मते दोष यंत्राचा नसून कंपनी वापरत असलेल्या फॉइलचा आहे. करारातील मूळ कलम असे आहे :

> "या करारासंबंधीचे वाद चर्चेने सोडवले जातील, न सुटल्यास पक्षकार लवादाकडे जाऊ शकतील. लवादाची बैठक सिंगापूर येथे आंतरराष्ट्रीय लवाद नियमांनुसार होईल. प्रत्येक पक्ष एक लवाद नेमील. भारतीय लवाद अधिनियमाचा भाग एक लागू होणार नाही. या करारातून उद्भवणाऱ्या सर्व बाबी मुंबईच्या न्यायालयांच्या अधिकारक्षेत्रात राहतील."

वरवर पाहता हे कलम पुरेसे वाटते. प्रत्यक्षात त्यातल्या प्रत्येक वाक्यात एकेक वाद दडलेला आहे.

## टप्पा १ : लिहिण्याआधी वसुलीचे ठिकाण ठरवा

कलमाचा पहिला शब्द लिहिण्याआधी दोन्ही पक्षांची मालमत्ता कोठे आहे याची नोंद कागदावर करावी. आपल्या उदाहरणात भांडुपच्या कंपनीचा कारखाना, बँक खाती आणि येणी मुंबईत आहेत, तर उत्पादकाची मालमत्ता जर्मनीत आहे. उत्पादक जिंकला तर त्याला मुंबईत वसुली करावी लागेल आणि कंपनी जिंकली तर तिला जर्मनीत जावे लागेल. निवाडा दोन्हीकडे चालला पाहिजे, आणि सीटची निवड याच कसोटीवर करावी.

परदेशातला प्रत्येक निवाडा भारतात "परदेशी निवाडा" ठरत नाही, हे येथे लक्षात ठेवावे लागते. लवाद आणि समेट अधिनियम, १९९६ च्या कलम ४४ नुसार ज्या देशात निवाडा झाला तो देश न्यूयॉर्क करारात, म्हणजे परदेशी निवाड्यांना मान्यता देण्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात, असणे पुरेसे नाही. केंद्र सरकारने राजपत्रात त्या प्रदेशाची अधिसूचना काढलेली असली पाहिजे. न्यूयॉर्क करारातील देशांपैकी अनेक देश अशा अधिसूचनेत नाहीत. सिंगापूर, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी आणि स्वित्झर्लंड अधिसूचित आहेत. एखादा पुरवठादार आपल्याच देशाची राजधानी सीट म्हणून सुचवत असेल, तर होकार देण्याआधी ती अधिसूचना स्वतः वाचावी.

तपासणी : सीटचा देश अधिसूचित आहे का? नसेल, तर पुढचे टप्पे कितीही काळजीपूर्वक पार पाडले तरी मुंबईत कलम ४७ खालचा अंमलबजावणीचा अर्ज उभा राहणार नाही.

## टप्पा २ : लवादाकडे जाण्याचे बंधन लिहा

मूळ कलमात पक्षकार लवादाकडे "जाऊ शकतील" असे म्हटले आहे. हे बंधन नव्हे, ही केवळ मुभा आहे. पक्षकारांनी तसे ठरवल्यास वाद लवादाकडे सोपवता येईल, एवढेच सांगणारी तरतूद लवाद-करार ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये जगदीश चंदर विरुद्ध रमेश चंदर या प्रकरणात स्पष्ट केले आहे. म्हणून "सोपवला जाईल आणि अंतिमतः लवादाने निकाली काढला जाईल" अशीच भाषा असावी.

वादाची व्याप्तीही याच वाक्यात बसवावी. करार अस्तित्वात आला की नाही, तो वैध आहे का आणि तो रीतसर संपुष्टात आला का, हे प्रश्न लवादाच्या कक्षेत येतात असे शब्दांत लिहावे. तसे नसेल तर करार रद्द झाल्याचे सांगून एक पक्ष दिवाणी न्यायालय गाठतो आणि पहिले वर्ष तेथेच जाते.

आधी चर्चेची पायरी ठेवायची असेल तर तिला मुदत द्यावी. "लेखी सूचनेपासून ३० दिवसांत वाद न मिटल्यास" एवढे शब्द पुरतात. मुदत नसलेली चर्चा कधी संपली यावरूनच आक्षेप घेतले जातात.

## टप्पा ३ : सीट लिहा, आणि तिच्याशी भांडणारे प्रत्येक वाक्य काढून टाका

सर्वाधिक नुकसान याच टप्प्यात होते, म्हणून येथे घाई करू नये.

सीट म्हणजे ज्या देशाचा लवाद कायदा प्रक्रियेला लागू होतो आणि ज्याच्या न्यायालयांतच निवाडा रद्द करण्याचा अर्ज करता येतो ते कायदेशीर ठिकाण. व्हेन्यू म्हणजे सुनावणीची खोली जेथे आहे ते ठिकाण. सीट सिंगापूर असूनही साक्षीदार भांडुपचे असल्यास सुनावणी मुंबईत घेता येते आणि त्यामुळे सीट बदलत नाही. मूळ कलमात मात्र "बैठक सिंगापूर येथे होईल" असे आहे, आणि ही बैठक सीट की व्हेन्यू हे त्यावरून कळत नाही.

अशा संदिग्ध शब्दांचा अर्थ लावण्यासाठी न्यायालयांनी बराच प्रवास केला आहे. २०१८ मध्ये हार्डी एक्स्प्लोरेशन प्रकरणात करारात क्वालालंपूरचा व्हेन्यू म्हणून उल्लेख असूनही ती सीट नाही असे ठरले. पुढच्याच वर्षी बीजीएस एसजीएस सोमा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, संपूर्ण लवाद प्रक्रियेसाठी एकच ठिकाण नेमलेले असेल आणि विरुद्ध सूचित करणारे काही नसेल, तर ते ठिकाण सीटच समजावे. यातले "विरुद्ध सूचित करणारे काही" हे शब्द मसुदा लिहिणाऱ्याने लक्षात ठेवावेत, कारण ते विरुद्ध सूचन तो स्वतःच, बहुधा नकळत, करारात घालत असतो.

आपल्या मूळ कलमातले शेवटचे वाक्य तेच करते. "सर्व बाबी मुंबईच्या न्यायालयांच्या अधिकारक्षेत्रात" हे शब्द जवळजवळ प्रत्येक मुंबईकर करारात सवयीने येतात. पण सीट सिंगापूर असताना ते उभे राहिले, की लवाद प्रक्रियेवर देखरेख कोणत्या न्यायालयाची, हा प्रश्न खुला होतो. २०२५ मध्ये डिसऑर्थो विरुद्ध मेरिल लाइफ सायन्सेस या प्रकरणात असेच झाले. करारातील एका कलमात भारतीय कायदा आणि गुजरातची न्यायालये होती, तर दुसऱ्यात बोगोटा येथे लवाद होईल असे होते. बोगोटा हे केवळ सुनावणीचे ठिकाण आहे आणि लवाद नेमण्याचा अधिकार भारतीय न्यायालयाला आहे, असा निर्णय झाला. तो निर्णय कोणाच्या बाजूने लागला याहून मसुदा लिहिणाऱ्यासाठी महत्त्वाचे हे की, पक्षकारांना नेमके काय हवे होते ते ठरवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

लवाद-कराराला कोणता कायदा लागू होईल, हेही वेगळे लिहावे. मुख्य करार भारतीय कायद्याखाली आणि सीट सिंगापूर असेल, तर लवाद-कलमाचा कायदा कोणता यावर मतभेद होतो. ब्रिटनने २०२५ च्या कायद्याने यावर एक उत्तर दिले आहे : पक्षकारांनी वेगळे ठरवले नसेल तर सीटचा कायदा. इतर देशांतही तेच उत्तर मिळेल असे गृहीत धरू नये. एका वाक्यात हा प्रश्न संपतो, तर ते वाक्य लिहून टाकावे.

सावधान : "भाग एक लागू होणार नाही" हे वाक्य जुन्या मसुद्यांतून अजून निघालेले नाही. भाग एक म्हणजे अधिनियमाचा मुख्यतः भारतात सीट असलेल्या लवादांसाठीचा भाग. २००२ च्या भाटिया इंटरनॅशनल निर्णयानंतर परदेशी लवादातही भारतीय न्यायालये हस्तक्षेप करू शकत होती, म्हणून त्या काळी ते वाक्य घालण्यात अर्थ होता. २०१२ च्या बाल्को निर्णयाने ती स्थिती त्यानंतरच्या लवाद-करारांपुरती बदलली. २०१५ च्या दुरुस्तीनंतर तर तेच वाक्य घातक झाले आहे. आता परदेशी सीट असलेल्या आंतरराष्ट्रीय वाणिज्यिक लवादातही कलम ९ खाली मुंबई उच्च न्यायालयाकडे अंतरिम संरक्षण मागता येते, पण पक्षकारांनी उलट ठरवले नसेल तरच. भाग एक सरसकट वगळणारा माणूस आपल्याच हाताने हा मार्ग बंद करतो.

अंतरिम संरक्षणाचा उपयोग कोणता, ते उदाहरणातून पाहावे. लवाद सुरू असताना भांडुपची कंपनी आपली मालमत्ता दुसऱ्या संस्थेकडे वळवू लागली, तर उत्पादकाला मुंबईतच मनाई हुकूम हवा असतो. सिंगापूरमध्ये नेमलेल्या आपत्कालीन लवादाचा आदेश भारतात परदेशी निवाड्यासारखा थेट अंमलात आणता येत नाही, त्यामुळे कलम ९ हाच व्यवहार्य मार्ग उरतो. लवाद सुरू होण्यापूर्वी असा आदेश मिळवला, तर आदेशाच्या तारखेपासून ९० दिवसांत, किंवा न्यायालय ठरवील त्या वाढीव मुदतीत, लवाद सुरू करावा लागतो.

## टप्पा ४ : संस्था आणि तिचे नियम नेमक्या नावाने लिहा

"आंतरराष्ट्रीय लवाद नियम" एवढ्यावरून कोणत्या संस्थेचे नियम हे कळत नाही. संस्थेचे पूर्ण नाव तिच्या संकेतस्थळावरील आदर्श कलमातून उतरवून घ्यावे. सिंगापूर सीट असेल तर सिंगापूर इंटरनॅशनल आर्बिट्रेशन सेंटर, म्हणजे एसआयएसी, ही स्वाभाविक निवड आहे. मुंबई सीट असेल तर २०१६ मध्ये सुरू झालेले मुंबई सेंटर फॉर इंटरनॅशनल आर्बिट्रेशन, म्हणजे एमसीआयए, विचारात घ्यावे. मुंबई सीट ठेवल्यास निवाडा रद्द करण्याचा अर्ज येथेच कलम ३४ खाली होतो आणि वसुली जर्मनीत करायची असल्यास तेथे तो परदेशी निवाडा ठरतो. वसुली बहुधा मुंबईच्या पक्षाकडूनच होणार असेल आणि परदेशी पक्षाला तटस्थ ठिकाण हवे असेल, तर सिंगापूरवर तडजोड होते. आपले उदाहरण याच स्वरूपाचे आहे.

"लवाद सुरू होतेवेळी अंमलात असलेले नियम" असे लिहावे, नियमांच्या आवृत्तीचे वर्ष लिहू नये. एसआयएसीची सध्याची आवृत्ती १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे, आणि करार मात्र दहा वर्षे चालू शकतो.

## टप्पा ५ : लवादांची संख्या आणि नेमणूक

"प्रत्येक पक्ष एक लवाद नेमील" म्हणजे दोन लवाद. मतभेद झाला तर निर्णय नाही. भारतीय सीटसाठी अधिनियमाचे कलम १० सम संख्या नको असे सांगतेच, परंतु सीट कोठेही असो, संख्या एक किंवा तीनच असावी.

१२ लाख युरोच्या यंत्रासाठी आणि २ लाख ४० हजार युरोच्या हप्त्यासाठी मी एकच लवाद सुचवीन. तीन लवादांची फी तर वाढतेच, पण त्याहून जाचक म्हणजे तिघांच्या आणि दोन्ही बाजूंच्या वकिलांच्या तारखा जुळत नाहीत. तीन लवाद तेथे घ्यावेत जेथे रक्कम मोठी आहे, तांत्रिक आणि कायदेशीर दोन्ही तज्ज्ञता लागणार आहे, आणि एकाच माणसाच्या निर्णयावर सर्वस्व लावण्याची पक्षांची तयारी नाही. एकमेव लवाद दोन्ही पक्षांच्या देशांचा नसावा असे लिहिल्यास परदेशी पक्षाचा विश्वास वाढतो.

नेमणूक एका पक्षाच्या हाती ठेवू नये. "कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक लवाद नेमतील" अशी तरतूद २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निर्णयानंतर भारतीय सीटसाठी टिकत नाही, आणि २०२४ मध्ये घटनापीठाने सार्वजनिक संस्थांच्या करारांतील एकतर्फी नेमणूक समतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवली. परदेशी सीटमध्येही अशा नेमणुकीमुळे अंमलबजावणीच्या वेळी आक्षेपाला आयते निमित्त मिळते. एकमत न झाल्यास नेमणूक संस्थेने करावी, एवढे लिहिले की पुरे.

सावधान : अनेक संस्थांच्या नियमांत ठरावीक रकमेखालच्या वादांसाठी जलद प्रक्रिया असते आणि करारात तीन लवाद लिहिले असले तरी तीत एकच लवाद नेमला जाऊ शकतो. लवाद मंडळाची रचना पक्षकारांच्या करारानुसार नसणे हा परदेशी निवाडा नाकारण्याचा आधार आहे. २०१७ मध्ये शांघायमधील न्यायालयाने एसआयएसीच्या जलद प्रक्रियेतला एक निवाडा नेमक्या याच कारणाने नाकारला : करारात तीन लवाद होते, नेमला एक. म्हणून तीन लवाद लिहिताना जलद प्रक्रिया लागू होईल की नाही, आणि झाल्यास किती लवाद असतील, हे शब्दांत लिहावे.

## टप्पा ६ : दुरुस्त कलम एकत्र वाचा

वरील सर्व निर्णय घेतल्यावर आपल्या उदाहरणातले कलम असे होते. करार इंग्रजीत असेल तर हीच वाक्ये याच क्रमाने तेथे यावीत.

> "या करारातून किंवा त्यासंबंधी उद्भवणारा कोणताही वाद, त्यात कराराचे अस्तित्व, वैधता किंवा समाप्ती यांविषयीचे प्रश्नही आले, लेखी सूचनेपासून ३० दिवसांत न मिटल्यास लवादाकडे सोपवला जाईल आणि लवाद सुरू होतेवेळी अंमलात असलेल्या सिंगापूर इंटरनॅशनल आर्बिट्रेशन सेंटरच्या नियमांनुसार अंतिमतः निकाली काढला जाईल. लवादाची सीट सिंगापूर असेल. सुनावणी सोयीनुसार अन्यत्र किंवा दूरस्थ पद्धतीने घेता येईल व त्यामुळे सीट बदलणार नाही. लवाद मंडळ एका लवादाचे असेल. पक्षकारांचे एकमत न झाल्यास त्याची नेमणूक सेंटरच्या नियमांनुसार होईल, आणि तो भारत किंवा जर्मनीचा नागरिक नसेल. भाषा इंग्रजी असेल. या लवाद-कराराला सिंगापूरचा कायदा लागू होईल. या कलमामुळे कोणत्याही पक्षाचा सक्षम न्यायालयाकडे अंतरिम संरक्षण मागण्याचा हक्क बाधित होणार नाही, आणि त्यासाठी लवाद आणि समेट अधिनियम, १९९६ चे कलम ९ लागू राहील."

तपासणी : कलम लिहून झाल्यावर उरलेला करार पहिल्या पानापासून वाचावा आणि "न्यायालय", "अधिकारक्षेत्र", "लवाद" हे शब्द जेथे जेथे येतात ते थांबून पाहावेत. जोडलेल्या खरेदी आदेशात किंवा पावतीच्या मागील छापील अटींत वेगळे अधिकारक्षेत्र लिहिलेले असते आणि तिकडे कोणाचे लक्ष जात नाही. दस्तऐवजांत विरोध आल्यास कोणता वरचढ, हेही एका वाक्यात ठरवावे. सूचनांसाठी दोन्ही पक्षांचा पत्ता आणि ईमेल लिहून, बदल झाल्यास कळवण्याचे बंधन घालावे; सूचना मिळालीच नाही हा अंमलबजावणीतला नेहमीचा आक्षेप आहे.

## टप्पा ७ : निवाडा हाती आल्यावर मुंबईत काय करावे

समजा, लवादाने फॉइलविषयीचे उत्पादकाचे म्हणणे अंशतः मान्य करून १ लाख ८० हजार युरो व व्याज देण्याचा निवाडा दिला आणि कंपनी पैसे देत नाही.

पहिले काम मुदतीचे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये वेदांता प्रकरणात परदेशी निवाड्याच्या अंमलबजावणीसाठी मर्यादा कायद्याचा अनुच्छेद १३७ लागू केला. म्हणजे अर्जाचा हक्क निर्माण झाल्यापासून तीन वर्षे. सुरक्षितपणासाठी ती निवाड्याच्या तारखेपासूनच मोजावी.

अर्ज मुंबई उच्च न्यायालयाच्या वाणिज्यिक विभागात करावा, कारण पैशाच्या निवाड्यात ऋणकोची मालमत्ता जेथे आहे तेथील उच्च न्यायालय सक्षम असते. अर्जात ऋणकोची मुंबईतली खाती, येणी आणि स्थावर मालमत्ता यांपैकी जे माहीत आहे ते प्रत्यक्ष नमूद करावे. ओळख पटवण्यासाठी एक अर्ज आणि वसुलीसाठी दुसरा, असे करावे लागत नाही. २००१ च्या फ्युअर्स्ट डे लॉसन निर्णयापासून एकाच कार्यवाहीत दोन्ही टप्पे होतात.

कलम ४७ नुसार सोबत तीन गोष्टी लागतात : मूळ निवाडा किंवा त्या देशाच्या कायद्याप्रमाणे प्रमाणित प्रत, मूळ लवाद-करार किंवा त्याची रीतसर प्रमाणित प्रत, आणि हा परदेशी निवाडा असल्याचा पुरावा, ज्यात राजपत्रातील अधिसूचनाही जोडावी. निवाडा इतर भाषेत असल्यास इंग्रजी अनुवाद लागतो, आणि कलमात "भाषा इंग्रजी" लिहिल्याचा फायदा येथे मिळतो. प्रमाणित प्रती निवाडा मिळताच संस्थेकडे मागून ठेवाव्यात. परदेशी निवाड्यावर भारतात मुद्रांक शुल्क लागत नाही, हे २०१८ मध्ये रिओग्लास प्रकरणात ठरले आहे. मूळ करारावरचे शुल्क मात्र वेगळा विषय आहे आणि ते वेळीच भरावे. मुद्रांक नसल्याने लवाद-करार शून्य होत नाही असे २०२३ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले असले, तरी त्या त्रुटीवर तारखा पडतातच.

कंपनीचे आक्षेप कलम ४८ च्या चौकटीतच बसावे लागतात : पक्षाची अक्षमता किंवा लवाद-कराराची अवैधता, सूचना किंवा बाजू मांडण्याची संधी न मिळणे, व्याप्तीबाहेर निर्णय, मंडळाची रचना वा प्रक्रिया करारानुसार नसणे, निवाडा अजून बंधनकारक नसणे किंवा सीटच्या न्यायालयाने रद्द वा स्थगित केलेला असणे, वाद लवादयोग्य नसणे, आणि भारताचे सार्वजनिक धोरण. यंत्राचा वेग खरोखर २२० होता का, हे मुंबईत पुन्हा तपासले जात नाही. परकीय चलनविषयक कायद्याचा भंग होतो, हा कंपन्यांचा आवडता बचावही २०२० च्या विजय करिया निर्णयानंतर आपोआप सार्वजनिक धोरणाचा भंग ठरत नाही. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आक्षेप घेणाऱ्यांवर ५० लाख रुपयांचा खर्च बसवला होता. निवाडा रद्द करण्याचा अर्ज सिंगापूरमध्ये प्रलंबित असेल, तर मुंबईचे न्यायालय निर्णय लांबणीवर टाकू शकते, मात्र अर्जदाराच्या विनंतीवरून योग्य तारण द्यायला सांगू शकते. अशी विनंती पहिल्याच तारखेला लेखी करावी.

आक्षेप फेटाळले की निवाडा त्या न्यायालयाचा हुकूमनामा समजला जातो, आणि पुढे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ प्रमाणे मालमत्ता जाहीर करण्याचे प्रतिज्ञापत्र, खातेजप्ती अशी पावले उचलता येतात. अंमलबजावणी मान्य करणाऱ्या आदेशाविरुद्ध कलम ५० खाली अपील नाही. नाकारणाऱ्या आदेशाविरुद्ध आहे.

शेवटचा हिशेब रुपयांचा आहे. युरोतील निवाडा रुपयांत कोणत्या तारखेच्या दराने बदलायचा, याचे उत्तर २०२४ च्या डीएलएफ विरुद्ध कोंकार निर्णयात आहे : आक्षेप अंतिमतः निकाली निघून निवाडा अंमलबजावणीयोग्य होतो त्या तारखेचा दर. मधल्या काळात कंपनीने न्यायालयात रक्कम जमा केली असेल, तर तेवढा भाग जमा केल्याच्या तारखेच्या दराने बदलतो आणि केवळ उरलेल्या युरोंना नंतरचा दर लागतो. म्हणून उत्पादकाच्या वकिलाने प्रत्येक जमा रकमेची तारीख आणि त्या दिवसाचा दर मांडणारा तक्ता वसुलीच्या अर्जाला जोडावा, आणि कंपनीच्या वकिलाने रक्कम जमा करायची असल्यास रुपया आणखी घसरण्याआधी ती जमा करण्याचा सल्ला द्यावा.